गजकर्ण की इसब?

अंगावर खाजणारा लाल चट्टा उठला की घरात कोणी त्याला गजकर्ण म्हणतो, कोणी नायटा, कोणी इसब. हिंदीभाषक शेजारी ‘दाद’ म्हणतात. यांपैकी गजकर्ण, नायटा आणि दाद ही एकाच रोगाची नावे होत. त्याचे कारण बुरशी. इसब हा त्वचेचा दाह असून त्याच्या मुळाशी बुरशी नसते. खाज, लाली आणि कोंडा दोहोंतही असल्यामुळे घोटाळा होतो.

गजकर्णाचे मर्म त्याच्या कडेत आहे. बुरशी त्वचेच्या वरच्या मृत थरावर जगते आणि मध्यापासून बाहेर सरकते. म्हणून कड लाल, किंचित उंच व खवलेदार असते, तर मधला भाग निवळत जातो आणि कडे तयार होते. इसबाचा नाण्यासारखा वाटोळा चट्टा मात्र बहुधा मध्यापर्यंत सारखाच भरलेला असतो; कधी त्यातून लस झिरपते. इसब अनेकदा दोन्ही हातांवर वा पायांवर उठतो. गजकर्ण बहुधा एका बाजूस आरंभ करते आणि एकाच पंचाने अंग पुसणाऱ्या घरच्या माणसांतही पसरते.

एक नेहमी आढळणारे उदाहरण घेऊ. परकराची नाडी जिथे आवळते तिथे एका गृहिणीला लहानसा चट्टा उठतो. इसब समजून ती दुकानातून स्टेरॉइडयुक्त मलम आणते. चार दिवसांत खाज थांबते, लाली ओसरते, मलम बंद होते. वस्तुतः स्टेरॉइडने दाह तेवढा दबलेला असतो. शरीराचा प्रतिकार मंदावल्याने बुरशीला उलट मोकळे रान मिळते. काही दिवसांत चट्टा अधिक विस्तारून परत येतो. पुन्हा मलम, पुन्हा तात्पुरता आराम. असे दोन-तीनदा झाले की कड तुटक व पुसट होते, कड्यात कडे दिसू लागते, आणि आता तो चट्टा खरोखरच इसबासारखा भासतो. या वेषांतरित गजकर्णाला १९६८ साली इंग्लंडमधील दोन वैद्यांनी ‘टिनिया इनकॉग्निटो’, म्हणजे ओळख लपवलेले गजकर्ण, असे नाव दिले.

अशा वेळी डोळ्यांवर विसंबणे व्यर्थ. त्वचारोगतज्ज्ञ कडेवरचा कोंडा हलकेच खरवडून काचपट्टीवर घेतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाचा थेंब टाकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. त्वचेच्या पेशी विरघळून बुरशीचे फांद्या फुटलेले तंतू दिसले की निदान ठरते. मात्र आधी बुरशीनाशक लावलेले असल्यास तंतू न दिसण्याचा संभव असतो. म्हणून वापरलेल्या मलमाची नळी सोबत न्यावी.

प्रत्येक कडे गजकर्णच असते, असेही नव्हे. सोरायसिसचे चट्टेही कधी वर्तुळाकार असतात. परंतु मलमाने दबणारा आणि ते थांबवताच अधिक रुंदावून परतणारा चट्टा इसब मानण्यापूर्वी त्याच्या कडेचा कोंडा तपासून घ्यावा.