कारमध्ये ब्लूटूथ कनेक्टेड, तरी गाणी अडखळतात किंवा ऐकूच येत नाहीत? आधी हे तपासा

मागच्या महिन्यात मामाच्या गाडीतून पुण्याहून कोल्हापूरला गेलो. निघताच मामा म्हणाला, "अरे, तू इंजिनिअर ना? बघ जरा, फोन कनेक्टेड दाखवतोय, कॉल स्टिरिओवर येतात, पण गाणी फोनमध्येच वाजतात." कोल्हापूर येईपर्यंत दोन वेगवेगळे प्रॉब्लेम सापडले. तुमच्याही गाडीत यातलाच एखादा असण्याची शक्यता बरीच आहे.

कॉल येतात, गाणी येत नाहीत

ब्लूटूथ कनेक्शन वरून एकच दिसतं, पण आत कामं वाटलेली असतात. कॉलसाठी HFP नावाचं प्रोफाइल असतं आणि गाण्यांसाठी A2DP. पहिलं जोडलं गेलं आणि दुसरं नाही, तर मामासारखं होतं. म्हणून नुसतं "Connected" वाचून समाधान मानू नका.

स्टिरिओचा सोर्स एफएम किंवा यूएसबीवर असेल तर तो आधी ब्लूटूथ ऑडिओवर आणा. मामाचा तिथेच होता, तरी आवाज नव्हता. मग अँड्रॉइडच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये गाडीच्या नावाशेजारचं गिअरचं चिन्ह दाबलं. तिथे कॉलचं बटण चालू होतं आणि "Media audio" बंद. ते चालू करताच स्टिरिओवर गाणं सुरू झालं. (काही फोनमध्ये याच बटणाचं नाव थोडं वेगळं असतं.)

हे बटण चालू करूनही आपोआप बंद होत असेल, तर जोडणी नव्याने करावी लागते. फोनमध्ये "Forget" किंवा "Unpair" करा आणि स्टिरिओच्या यादीतूनही आपला फोन काढून टाका. बरेच जण फक्त फोनमधून काढतात, त्यामुळे स्टिरिओकडे जुनीच नोंद राहते आणि तोच गोंधळ पुन्हा होतो.

गाणी येतात, पण अडखळतात

पुढे माझा फोन जोडला. खंबाटकी घाटाच्या आसपास गाणं तुटायला लागलं. मामा म्हणाला, "घाट आहे, रेंज जात असेल." पटण्यासारखं होतं. पण खात्री करायची सोपी पद्धत आहे: फोनमध्ये डाउनलोड केलेलं गाणं लावा. ते नीट वाजलं तर दोष इंटरनेटचा. माझं तेही अडखळत होतं, म्हणजे दोष फोन आणि स्टिरिओच्या मधला.

मग लक्षात आलं, मागच्या सीटवर मामेबहीण माझ्या हॉटस्पॉटवर व्हिडिओ बघत होती. हॉटस्पॉट बंद केला आणि गाणं सुरळीत झालं. पुन्हा चालू केला, पुन्हा अडखळलं. चोर सापडला!

कारण असं: ब्लूटूथ 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं आणि हॉटस्पॉटही बऱ्याचदा त्याच पट्ट्यात असतो. ब्लूटूथ सेकंदाला 1600 वेळा चॅनल बदलून गर्दी टाळायचा प्रयत्न करतं. पण अनेक फोनमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ एकाच चिपवर असतात आणि अँटेनाही एकच वापरतात. त्यामुळे त्यांना आळीपाळीने बोलावं लागतं. व्हिडिओ पुढचा भाग आधीच भरून ठेवतो, म्हणून त्याला थोडा उशीर चालतो. ब्लूटूथवरच्या गाण्याचा साठा मात्र सेकंदाच्या छोट्याशा भागापुरताच असतो. तो संपला की आवाज तुटतो.

यावर उपाय म्हणजे हॉटस्पॉट 5 गिगाहर्ट्झवर नेणं. अँड्रॉइडमध्ये हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड निवडता येतो, किंवा "Extend compatibility" बंद करायचं असतं. आयफोनमध्ये "Maximize Compatibility" बंद करा. यात एक अडचण आहे: ज्या जुन्या टॅबला 5 गिगाहर्ट्झ चालत नाही, त्याला तुमचा हॉटस्पॉट दिसणारच नाही. मग दुसऱ्या कोणाच्या फोनवर हॉटस्पॉट घ्या, किंवा गाणी सरळ केबलने लावा.

हॉटस्पॉट बंद असूनही अडखळत असेल तर?

स्क्रीन चालू असताना नीट आणि बंद झाल्यावर थोड्या वेळाने तुटतं का, ते बघा. तसं असेल तर फोन बॅटरी वाचवायला गाण्याच्या अ‍ॅपला झोपवतोय. त्या अ‍ॅपच्या बॅटरी सेटिंगमध्ये "Unrestricted" निवडा.

तेही नसेल तर शेवटची चाचणी: त्याच स्टिरिओला दुसरा फोन जोडा, पण तुमच्या फोनचं ब्लूटूथ बंद करून. दुसराही अडखळला तर दोष बहुतेक स्टिरिओचाच, फोनमध्ये आणखी सेटिंग शोधत बसू नका. दुसरा नीट वाजला तर तुमच्या फोनची जोडणी दोन्हीकडून काढून नव्याने करा.

आणि हो, ही सगळी खटपट गाडी बाजूला उभी करून, नाहीतर शेजारी बसलेल्याला करायला सांगा. मामा चालवत होता, म्हणून मला जमलं.