मजकुराशिवाय ट्यूटोरियल कसं बनवायचं

मोबाईल गेम बनवताय? मग 2010 मध्ये आलेल्या ‘कट द रोप’ची पहिली लेव्हल नीट बघा. एक दोरी, तिला लटकलेली कँडी आणि बरोबर खाली तोंड उघडून बसलेला ऑम नॉम नावाचा छोटा राक्षस. दोरीवरून बोट फिरवलं की कँडी थेट त्याच्या तोंडात. चूक करायला जागाच नाही, त्यामुळे स्वाइप आपोआप शिकला जातो.

हेच आपल्या गेममध्ये करायचं असेल तर एका लेव्हलमध्ये एकच हालचाल शिकवा. सुरुवातीला काहीच दाखवू नका. खेळाडूने दोन-तीन सेकंद काही केलं नाही, तरच स्क्रीनवर हाताचं चित्र आणा आणि स्पर्श होताच ते घालवा. त्या चित्रात बोट टेकणं, सरकणं आणि उचलणं वेगवेगळं दिसू द्या. नाहीतर लोक स्वाइपऐवजी नुसतं टॅप करतात. तसं टॅप झालं तर दोरी थोडी हलवा. आपला स्पर्श पोचला, पण हालचाल वेगळी हवी, हे तेवढ्यानं कळतं.



शेवटी गेम कधीच न पाहिलेल्या माणसाच्या हातात फोन द्या आणि गप्प बसा. “आता काय करू?” असं त्याने विचारलं, तर मजकूर वाढवू नका, लेव्हल बदला.