डोळ्यांखालची सावली अर्धीच पुसावी

भरदुपारी काढलेल्या लग्नाच्या फोटोत डोळ्यांखाली गडद सावल्या पडतात, कारण ऊन थेट वरून येतं. त्या पूर्ण पुसल्या, तर डोळ्यांच्या खोबणीची खोली जाते आणि चेहरा सपाट दिसतो. म्हणून फोटोशॉपमध्ये वर नवा रिकामा लेयर घ्यावा, Sample मध्ये Current & Below निवडावं आणि हीलिंग ब्रशने गालावरची स्वच्छ त्वचा सावलीवर उतरवावी. पापण्यांपासून थोडं अंतर ठेवावं, नाहीतर त्यांचा काळेपणा त्वचेत पसरतो. मग लेयरची ओपॅसिटी १०० वरून ५० टक्क्यांच्या आसपास आणावी. सावली फिकी होते, पण घडी राहते. शेवटी फोटो लहान करून लेयर बंद-चालू करून पाहावा. डोळ्यांखालचा भाग गालापेक्षा उजळ दिसला, तर ओपॅसिटी आणखी उतरवावी.