एक रेडिओ, तीन दावेदार

घड्याळ, इअरबड्स आणि फिटनेस बँड एकाच वेळी फोनला जोडलेले दिसतात. प्रत्यक्षात फोनमधला ब्लूटूथचा रेडिओ बहुधा एकच असतो आणि तो प्रत्येकाशी आळीपाळीने बोलतो.

जुन्या, म्हणजे क्लासिक ब्लूटूथमध्ये एका सेकंदाचे १६०० तुकडे पाडलेले असतात. चालू जोडण्यांसाठीचा पत्ता तीन बिटांचा, त्यामुळे एका वेळी सातच उपकरणे. पण सातचा आकडा फारसा आड येत नाही. आड येतो तो वेळ. बँड कमी ऊर्जेच्या ब्लूटूथवर चालतो, अधूनमधून चार पावलांचा हिशेब देतो आणि गप्प बसतो. इअरबड्सना मात्र गाण्याचा सततचा रतीब लागतो. थोडा आवाज ते साठवून ठेवतात, म्हणून बारीकसारीक खंड कळत नाहीत.

आता गाणे चालू असताना घड्याळाचे सॉफ्टवेअर अपडेट सुरू झाले, तर तेही रेडिओचा मोठा वाटा मागते. साठा संपला की गाणे अडखळते. त्यात वाय-फायही २.४ गिगाहर्ट्झवर असेल, तर तीच हवा आणि बऱ्याचदा तोच अँटेना वाटून घ्यावा लागतो.

दोषी शोधायचा तर आधी वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर न्या. अडखळणे थांबले तर घड्याळाला बोल लावू नका. नाही थांबले, तर अपडेट संपेपर्यंत वाट पाहा. तरीही तेच, तर फोन मागच्या खिशातून काढा. आपले पाणीदार शरीर या लहरी चांगल्याच शोषते.