गिफ्ट पॅकिंग करून हवं का?

दिवाळीच्या आठवड्यात भेटवस्तूंच्या दुकानाची ऑनलाइन ऑर्डर भरताना, पैसे देण्याच्या अगदी आधी दोन छोटे चौकोन येतात. एक गिफ्ट पॅकिंगचा, दुसरा संदेश कार्डाचा. दोन्ही मिळून शे-सव्वाशे रुपयांचा मामला, त्यामुळे दुकानदार तिथला मजकूर सगळ्यात शेवटी आणि घाईघाईत लिहितो. बहुतेक ठिकाणी तो असा असतो : ‘आपल्या भेटीला द्या खास स्पर्श! प्रीमियम गिफ्ट रॅपिंग आणि पर्सनलाइज्ड कार्ड, फक्त ₹११०.’

आता ही ओळ कोण वाचतं ते बघा. बेंगळुरूत नोकरी करणारा भाऊ नाशिकच्या बहिणीला भाऊबीजेसाठी पितळी दिव्यांचा संच पाठवतोय. दुकान पुण्यात आहे. वस्तू त्याच्या हातातून जाणारच नाही. कागद कसला, बिल आत जाणार का, कार्डावर मराठी नीट छापली जाणार का, भाऊबीजेच्या आत पोचणार का, हे त्याचे प्रश्न आहेत. वरच्या ओळीत यातल्या एकाचंही उत्तर नाही. ‘खास स्पर्श’ म्हणजे नेमकं काय मिळणार, हे त्याला पैसे भरूनही कळत नाही. म्हणून हा मजकूर लिहायची सुरुवात मी पॅकिंगच्या टेबलापासून करावी असं म्हणतो. टेबलावर जे खरोखर होतं तेवढंच लिहायचं.

दिव्यांच्या संचाचं खोकं २५ सेंटिमीटर लांब, १८ रुंद आणि ८ उंच आहे असं धरू. त्याला गुंडाळायला कागद किती? रुंदी आणि उंचीची बेरीज २६, तिची दुप्पट ५२, वर चढवून चिकटवायला ३, म्हणजे ५५ सेंटिमीटर. दुसऱ्या बाजूने खोक्याची लांबी २५ आणि दोन्ही टोकांना दुमडायला सहा-सहा, म्हणजे ३७. बाजारात मिळणाऱ्या ५० बाय ७० सेंटिमीटरच्या गिफ्ट पेपरमधून हा तुकडा आरामात निघतो. पण त्याच दुकानात दीड फूट उंचीची समई आहे, गोल मातीचे दिवे आहेत, फराळाचा डबा आहे. समईला एक कागद पुरत नाही, जोड द्यावा लागतो आणि तो दिसतो. गोल वस्तूवर कागदाला चुण्या पडतात. त्यामुळे सगळ्या मालासाठी एकच ‘प्रीमियम रॅपिंग’ची ओळ ठेवली, तर समई मागवणाऱ्याची निराशा ठरलेलीच. त्या वस्तूपुढे सरळ लिहावं : ‘ही समई कागदात गुंडाळत नाही. कापडी पिशवीत घालून रिबन बांधून देतो.’ असं लिहिल्याने गिऱ्हाईक जात नाही. कापडी पिशवी आवडणारे लोक पुष्कळ असतात, त्यांना ती मिळणार हे आधी कळायला हवं एवढंच.

यापुढचा मुद्दा किमतीचा. भेट देताना किंमत दिसू नये ही आपल्याकडची जुनी रीत. दुकानात आपण म्हणतोही, ‘किमतीचं लेबल काढा हं.’ म्हणून कितीतरी दुकानं बिनदिक्कत लिहितात, ‘किंमत दिसणार नाही.’ हे वचन पाळणं वाटतं तितकं सोपं नाही. दुकानाने स्वतः चिकटवलेलं लेबल काढता येतं. पण उत्पादकाने खोक्यावर छापलेली कमाल किरकोळ किंमत दुकानदाराला खोडता किंवा काळी करता येत नाही. वजनमापाच्या नियमांमध्ये त्याला मनाई आहे. वरून कागद चढला तरी बहिणीने तो उलगडला की छापील आकडा समोर येणारच. शिवाय कुरिअरच्या बाहेरच्या खोक्यावर प्लॅस्टिकच्या पाकिटात बिलाची प्रत चिकटवलेली असते, तिच्यावर तर पूर्ण रक्कम असते. मग खरं काय सांगता येईल? एवढं : ‘भेटीच्या खोक्यात बिल ठेवत नाही. बाहेरच्या कुरिअर खोक्यावर बिलाची प्रत असते, आणि वस्तूच्या मूळ खोक्यावर छापलेली किंमत तशीच राहते.’ हे वाचून ज्याला किंमत अजिबात दिसायला नको आहे, तो सुट्या दिव्यांचा, छापील खोकं नसलेला संच निवडेल. त्याला निवड करता आली, हे त्या दोन वाक्यांचं काम.

कार्डाकडे वळलं की मराठी दुकानांची खरी परीक्षा सुरू होते. अर्जात बहुधा शंभर अक्षरांची मर्यादा असते. हा आकडा इंग्रजीच्या हिशेबाने ठरवलेला असतो. संगणक देवनागरी मोजतो तेव्हा व्यंजन, हलन्त, काना, वेलांटी, अनुस्वार हे सगळं वेगवेगळं धरतो. ज्योत्स्ना हे नाव घ्या. आपल्या डोळ्यांना त्यात दोन अक्षरं दिसतात, ज्यो आणि त्स्ना. संगणकाच्या लेखी ती दहा आहेत. ‘ज्योत्स्नाताई, या वर्षी येता आलं नाही.’ एवढ्या साध्या वाक्याची मोजणी, जागा आणि विरामचिन्हं धरून, अडतीस होते. आपण मोजली तर अक्षरं तेरा. म्हणजे शंभराच्या मर्यादेत भावाची जेमतेम अडीच वाक्यं बसतात आणि तिसरं मध्येच तुटतं. पोस्टकार्डाएवढ्या, १०५ बाय १४८ मिलिमीटरच्या कार्डावर वाचता येईल अशा टाइपात याच्या तिप्पट मजकूर सहज मावतो. तेव्हा मर्यादा तीनशेपर्यंत वाढवावी आणि गिऱ्हाइकाला आकड्याऐवजी ‘साधारण सात-आठ ओळी’ असं सांगावं.

छपाईचं दुखणं वेगळं. दुकानाच्या छपाईच्या सॉफ्टवेअरला देवनागरी जुळवता येत नसेल, तर जोडाक्षरं सुटी पडतात, हलन्त उघडे दिसतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर येते. पडद्यावर ठीक दिसणारा संदेश कागदावर असा मोडून येऊ शकतो. हे ओळखायची सोपी रीत आहे. ‘ज्योत्स्ना’, ‘श्रीकृष्ण’, ‘दृष्टी’ आणि ‘कुर्‍हाड’ हे चार शब्द एका कार्डावर छापून बघायचे. चौघंही शाबूत आले तर काम चालेल. बदाम आणि हसऱ्या चेहऱ्यांच्या इमोजींच्या जागी पुष्कळदा रिकामे चौकोन उमटतात, म्हणून अर्जातच लिहावं : ‘मराठी, हिंदी, इंग्रजी चालेल. इमोजी छापता येत नाहीत.’ आणि कार्ड यंत्रावर छापणार असाल तर ‘हस्तलिखित’ म्हणू नये, वळणदार टाइप वापरला तरीही. हाताने लिहून देत असाल तर जरूर सांगावं, त्याचे वेगळे पैसेही घ्यावेत.

तयार संदेशांबद्दल माझं मत ठाम आहे. ‘दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा, आपणांस सुख, समृद्धी लाभो’ असे पाच नमुने देऊन ‘एक निवडा’ म्हणायचं असेल, तर त्या कार्डाला वैयक्तिक म्हणू नये. त्याऐवजी चौकोनात फिकट अक्षरांत एक छोटी सूचना पुरते : ‘घरी ज्या नावाने हाक मारता, त्याच नावाने सुरू करा.’ भाऊ लगेच ‘ज्योत्स्नाताई’च्या जागी ‘ताईडे’ लिहितो आणि पुढचं त्याचं त्याला सुचतं. शेवटी ‘कोणाकडून’ हा रकाना वेगळा असावा आणि तो ऑर्डर देणाऱ्याच्या नावाने आपोआप भरलेला नसावा. भाऊबीज पाठवणारा हा बँकेच्या कार्डावर संपूर्ण तीन नावांचा गृहस्थ असतो, पण बहिणीसाठी तो ‘बाळू आणि मीनल’ असतो.

आणि ज्या घरात वर्षभरात कोणी गेलेलं असतं, तिथे काय? अशा घरी ती पहिली दिवाळी साधी असते. पुष्कळ कुटुंबांत त्या वर्षी फराळ करत नाहीत, आकाशकंदील लावत नाहीत, नातेवाईकच फराळ घेऊन जातात. भेट तरीही जाते. पण कार्डावर आधीच सोनेरी अक्षरांत ‘आनंदाची उधळण’ छापलेली असेल, तर बहिणीने ते कुठे ठेवायचं? एकच साधं, काहीही न छापलेलं कार्ड आणि चमक नसलेला कागद हा पर्याय यादीत हवाच. त्याला ‘दुःखाच्या घरासाठी’ असं नाव मुळीच देऊ नये. ‘साधा कागद, कोरं कार्ड’ एवढं लिहिलं की ज्याला हवं तो बरोबर निवडतो. सणाच्या लगबगीत लिहिणाऱ्यांना हा पर्याय आठवत नाही, आणि मला वाटतं या सगळ्या मजकुरातली सर्वांत गरजेची ओळ हीच.

आता वेळ. एक खोकं गुंडाळणं, कार्ड छापून तपासणं, नाव जुळवणं, याला आठ मिनिटं धरू. टेबलावर दोन माणसं असतील तर तासाला पंधरा खोकी, आठ तासांत एकशेवीस. चहा, सेलोटेप संपणं, चुकलेली कार्डं धरली तर शंभर. २०२५ साली भाऊबीज गुरुवारी, २३ ऑक्टोबरला होती. लक्ष्मीपूजन आणि पाडव्याला कुरिअरचा भरवसा नाही, रविवारी उचल नाही, म्हणजे नाशिकचं पार्सल शनिवारी, धनत्रयोदशीला निघायला हवं होतं. मग खरी ओळ अशी झाली असती : ‘भाऊबीजेआधी पोचवण्यासाठी पॅकिंगच्या ऑर्डरी शुक्रवार, १७ ऑक्टोबर, संध्याकाळी ६ पर्यंत. रोज १०० खोकी भरली की त्या दिवशीचं पॅकिंग बंद.’ याच्या जागी ‘लवकर करा, फक्त ३ शिल्लक!’ असं खोटंच लिहिलं, तर ती बेइमानी आहेच, शिवाय नियमबाह्यही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकाला फसवणाऱ्या अशा तेरा क्लृप्त्यांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. खोटी घाई त्यात आहे. न विचारता बिलात पॅकिंग घुसडणं त्यात आहे, म्हणून तो चौकोन आधीच टिक केलेला नको. नकार देणाऱ्याला लाजवणंही त्यात आहे, म्हणून ‘नको, माझ्या ताईला साधंच चालेल’ असलं बटण नको. ‘पॅकिंग नको’ एवढंच हवं.

या सगळ्यातून भावासमोर येणारा मजकूर साधारण असा होतो :

‘गिफ्ट पॅकिंग, ₹८० (करांसह). मरून कागद, सोनेरी रिबन, किंवा साधा कागद. भेटीच्या खोक्यात बिल नाही. बाहेरच्या खोक्यावर बिलाची प्रत असते, वस्तूवर छापलेली किंमत तशीच राहते.

संदेश कार्ड, ₹३० (करांसह). तुमचा मजकूर सात-आठ ओळींपर्यंत, जसाच्या तसा छापतो. शुद्धलेखन आम्ही बदलत नाही. कोरं कार्डही मिळेल.’

‘शुद्धलेखन बदलत नाही’ ही ओळ मुद्दाम आहे. ‘ताईडे’ ही चूक समजून कोणी ‘ताई’ करून ठेवलं, तर संदेशच गेला. मात्र एका चुकीला दुकानाने नक्की अडवावं, ती म्हणजे एकाचं कार्ड दुसऱ्याच्या खोक्यात जाणं. शंभर खोक्यांच्या दिवशी हे सहज घडतं आणि पैसे परत देऊनही भरून निघत नाही. त्यासाठी कार्डाच्या मागे पेन्सिलीने ऑर्डर नंबर लिहायचा, खोकं बंद करण्याआधी तो खोक्यावरच्या नंबराशी जुळवायचा, आणि उघड्या खोक्यात कार्ड ठेवून त्याचा फोटो गिऱ्हाइकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा. याला खोक्यामागे अर्धा मिनिट जास्त जातो, शंभर खोक्यांमागे पन्नास मिनिटं. तेवढी धरूनच दिवसाचा आकडा ठरवावा, आणि मग मजकुरात शेवटची ओळ घालावी : ‘खोकं बंद करण्याआधी कार्डाचा फोटो तुम्हाला पाठवतो.’