थंड पायांचा हिशेब

हिवाळ्यात नॉर्वेच्या किनाऱ्यावर बर्फाळ पाण्यात उभा असलेला राखी बगळा तासन्‌तास हलत नाही. त्याच्या अंगातलं रक्त चाळीस अंशांच्या आसपास गरम असतं आणि त्याच्या काडीसारख्या पायांवर एक पीससुद्धा नसतं. अशा पायांतून ऊब पाण्यात सतत वाहून जायला हवी आणि बगळा काही वेळातच गारठून मरायला हवा. तसं होत नाही, तेव्हा त्याचे पाय आतून उबदार असणार, अशी आपली सहज समजूत होते. खरी गोष्ट जवळजवळ उलटी आहे. बगळ्याचे पाय थंडगार असतात आणि ते थंड राहतात म्हणूनच बगळा जगतो.

हे जमतं ते रक्तवाहिन्यांच्या मांडणीमुळे. पक्ष्याचा मागे वाकलेला ‘गुडघा’ म्हणून आपण जो सांधा दाखवतो, तो खरं तर त्याचा घोटा असतो. खरा गुडघा वर पिसांत लपलेला असतो. घोट्याच्या जरा वर पायात उतरणारी धमनी अनेक बारीक फाट्यांत विभागते. पायाकडून परतणाऱ्या शिराही तिथेच बारीक होऊन या फाट्यांना बिलगून वर जातात. धमनीतलं गरम रक्त खाली उतरतं, शिरांतलं गार रक्त वर चढतं. मध्ये फक्त पातळ भिंती असतात, त्यामुळे रक्त न मिसळता उष्णता एकीकडून दुसरीकडे जाते. शेजारी शेजारी असलेल्या धमनी-शिरांमध्ये अशी देवाणघेवाण होत असावी, हे फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी १८७६ मध्येच मांडलं होतं. पुढे विसाव्या शतकाच्या मध्यावर अलास्कात काम करणाऱ्या पेर शोलांडर आणि लॉरेन्स आयर्विंग यांनी ध्रुवीय प्राण्यांच्या संदर्भात त्याचा पाठपुरावा केला.

यात सारा खेळ उलट दिशेचा आहे. समजण्यासाठी सोपे आकडे धरू. शरीरातून निघालेलं रक्त ४० अंशांचं आणि पायातून परतणारं २ अंशांचं. दोन्ही प्रवाह एकाच दिशेने शेजारून गेले असते, तर उष्णता सारखी वाटली जाऊन दोन्ही फार तर २१ अंशांवर थांबले असते. पायाला २१ अंशांचं रक्त मिळालं असतं आणि ते २ अंशांपर्यंत थंड होताना १९ अंशांची ऊब पाण्यात गेली असती. प्रवाह समोरासमोर असले की चित्र बदलतं. वर चढत चढत कोमट झालेल्या शिरेतल्या रक्ताला प्रत्येक टप्प्यावर आपल्यापेक्षा थोडं जास्त गरम असलेलं धमनीतलं रक्त भेटत राहतं, म्हणून उष्णतेची देवाणघेवाण शेवटपर्यंत थांबत नाही. धमनीतलं रक्त ४० वरून ५ अंशांपर्यंत उतरतं, शिरेतलं २ वरून ३७ पर्यंत चढतं. आता पाण्यात जाते ती फक्त ५ आणि २ यांमधली ३ अंशांची ऊब. ही सोय नसती तर ३८ अंशांची गेली असती. म्हणजे नुकसान बाराव्या हिश्श्याहूनही कमी झालं.

पाचच अंशांच्या पायावर उभं राहणं परवडतं, कारण बगळ्याच्या तळपायात काम करणारे स्नायू जवळपास नसतातच. स्नायू वर पिसांच्या उबेत असतात आणि खाली फक्त कंडरा, हाड आणि कातडी. दोरी ओढून कठपुतळी नाचवावी, तशी बोटं वरून हलवली जातात. मज्जातंतूंचंही तसंच. १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हेरिंग गल या कुरवाच्या पायाच्या उघड्या भागातले मज्जातंतू वरच्या, पिसांतल्या भागापेक्षा कितीतरी जास्त गारठ्यात संदेश वाहून नेतात असं दिसलं. रेनडिअरच्या पायात जसजसं खाली जावं तसतशी चरबी कमी तापमानाला वितळणारी असते. वरच्या चरबीसारखी ती असती, तर थंडीत कडक होऊन खूर हलवणं अवघड झालं असतं.

पण यात एक धोका आहे. हीच अदलाबदल पाय थंड करते आणि पाय गोठण्यापासून वाचवणं हे तिच्या एकटीच्या आवाक्याबाहेरचं आहे. गोड्या पाण्यात पाय असला तर निदान शून्याखाली जायची भीती नसते. खरी कसोटी उणे तीस अंशांच्या हवेत किंवा बर्फावर लागते, कारण रक्त सुमारे उणे अर्ध्या अंशाला गोठू लागतं. तिथे दुसरी यंत्रणा कामाला येते. पाऊल धोक्याच्या पातळीजवळ आलं की त्याच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि गरम रक्ताचा जादा पुरवठा होतो. दक्षिण महासागरातल्या जायंट पेट्रेल या मोठ्या समुद्रपक्ष्याच्या पावलात ही प्रतिक्रिया मोजली गेली आहे. १९७२ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या एका प्रयोगात लांडगा आणि ध्रुवीय कोल्हा यांचे पंजे उणे ३५ अंशांच्या द्रवात बुडवले, तरी पंजाच्या गादीचं तापमान उणे एक अंशाच्या आसपास, पेशी गोठण्याच्या अगदी काठावर, टिकून राहिलं. शरीर तिथे गरज असेल तेवढीच ऊब सोडतं, त्याहून जास्त नाही. उरलेली काटकसर वागण्यातून होते: पक्षी एक पाय पिसांत घेऊन उभे राहतात आणि एम्परर पेंग्विन टाचा व शेपटीवर रेलून बोटं बर्फापासून वर उचलतो.

मात्र या हिशेबालाही मर्यादा आहे. उत्तर अमेरिकेतला मोर्निंग डव्ह हा होला उत्तरेच्या थंडीत राहिला, तर त्याच्या बोटांची टोकं हिमदाहाने झडलेली आढळतात. ज्यांची मूळ वस्ती उष्ण प्रदेशात आहे, अशा रोहित पक्ष्यांना थंड देशांतल्या प्राणिसंग्रहालयांत हिवाळ्यात आत घ्यावं लागतं, नाहीतर त्यांच्या पावलांना इजा होते. बोट काळं पडणं, सुकून गळणं, ही त्याची खूण. एकदा पेशींत बर्फ तयार झाला की नंतर रक्तपुरवठा वाढवून फारसं साधत नाही.

हेच पाय उन्हाळ्यात नेमकी उलटी कामगिरी बजावतात. १९६५ मध्ये नॉर्वेतल्या योहान स्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्याने राखी बगळा आणि मोठ्या कुरवाचे पाय वेगवेगळ्या तापमानाच्या पाण्यात ठेवून किती उष्णता बाहेर पडते ते पाहिलं. थंडीत शरीरातल्या एकूण उष्णतेचा अगदी छोटा भाग पायांवाटे जात होता, तर उष्ण हवेत जवळजवळ सगळी पायांतूनच टाकता येत होती. म्हणजे रक्त जाळ्याला वळसा घालूनही पायात उतरू शकतं. आपल्याकडे भिगवणला उजनीच्या फुगवट्यात दिसणारा राखी बगळा त्याच जातीचा आहे. तिथेच येणारा चित्रबलाक, इतर करकोच्यांसारखाच, तापलेल्या दुपारी पातळ विष्ठा स्वतःच्या पायांवर सोडतो. ती वाळताना पाय थंड होतात आणि पायांतलं रक्तही. त्याच्या गुलाबी पायांवर पांढरा लेप दिसला, तर तो आजार समजू नये. त्या वेळी पायातला उष्णतेचा दरवाजा पूर्ण उघडा असतो. थंडीत तोच दरवाजा बहुतेक बंद असतो आणि पाऊल गोठायला आलं की तेवढाच किलकिला होतो.