आधी तारखा, मग मांडणी

हा मजकूर वाचा. उदाहरणासाठी तो मुद्दाम रचला आहे, पण रेझ्युमे नीट करून देणाऱ्या कुणाकडेही साधारण असाच मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवरून येतो.

"डिप्लोमा मेकॅनिकल, २०१६ ला पास, ६८%. सध्या चाकणला क्वालिटी इन्स्पेक्टर, जुलै २२ पासून, बाहेरून येणाऱ्या मालाची तपासणी. दहावी मार्च २०१३, ७४ टक्के. त्याआधी शिरवळला ट्रेनी, १ वर्ष. मायक्रोमीटर, व्हर्निअर, हाइट गेज येतं. 05/08/2017 ते 31/03/2020 रांजणगाव, प्रॉडक्शन सुपरवायझर. एमएस-सीआयटी झालंय. भोसरीला वर्कशॉपमध्ये जून २१ ते जून २२, सीएनसीवरच्या जॉबची तपासणी."

मुलगा कामाचा आहे, अनुभवही चांगला आहे, पण वाचणाऱ्याला त्यातलं काहीच धड हाती लागत नाही. अशा वेळी बहुतेक जण पहिल्यांदा एखादा देखणा नमुना शोधतात आणि त्याच्या चौकटींत हे तुकडे भरायला लागतात. माझ्या मते इथेच काम बिघडतं. रूपाला हात लावण्याआधी प्रत्येक नोंदीची तारीख पक्की झाली पाहिजे. तारखा लागल्या की क्रम आपोआप लागतो, आणि मजकुरात काय राहिलंय, काय चुकलंय तेही तेव्हाच दिसतं.

म्हणून सगळा मजकूर आधी नोटपॅडमध्ये चिकटवावा. तिथे रंगासारखी बरीचशी सजावट गळून पडते आणि मुख्यतः शब्द उरतात. मग एका ओळीवर एकच नोंद येईल असे तुकडे करायचे. आपल्या उदाहरणात आठ तुकडे पडतात: चार कामं, दोन शिक्षणं, एक संगणकाचं प्रमाणपत्र आणि एक येणाऱ्या उपकरणांची ओळ. ओळी वरखाली करायची घाई मात्र अजून करायची नाही, कारण त्यांत "सध्या", "त्याआधी", "१ वर्ष" असे शब्द आहेत. त्यांचा अर्थ शेजारच्या ओळीवर अवलंबून असतो. शिरवळची ओळ आत्ता दहावीच्या मागे येऊन बसली आहे. तशीच वाचली तर हा मुलगा दहावीच्या आधी कारखान्यात ट्रेनी होता असं होईल. मूळ मजकुरात ती बहुधा दुसऱ्याच एखाद्या ओळीखाली असणार आणि चिकटवताना सरकली असणार. असा प्रत्येक शब्द काढून त्या जागी महिना आणि वर्ष आलं, की मगच ती ओळ कुठेही हलवायला मोकळी होते.

आता शिरवळची तारीख कुठून आणायची? अंदाजाने भरायची नाही, विचारायची. डिप्लोमा झाल्यावर कारखान्यात एक वर्ष ट्रेनी म्हणजे बरेचदा १९६१ च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्याखालचं प्रशिक्षण असतं. डिप्लोमावाल्यांसाठी ते एक वर्षाचं असतं आणि त्याच्या प्रमाणपत्रावर सुरुवातीची व शेवटची तारीख असते. समजा आपल्या मुलाने कागद शोधून सांगितलं: ऑगस्ट २०१६ ते जुलै २०१७. या एका उत्तराने दुसरंही एक कोडं सुटतं. रांजणगावची सुरुवात `05/08/2017` अशी लिहिली आहे. ती ५ ऑगस्ट की ८ मे? त्याच ओळीतल्या `31/03/2020` वरून दिवस आधी लिहिलाय हे कळतं, कारण एकतिसावा महिना नसतो. शिवाय मे महिन्यात तो अजून शिरवळलाच होता. म्हणजे ऑगस्ट २०१७ नक्की. "जुलै २२" हेही तसंच फसवं आहे, कारण इंग्रजीत लिहिलं की ती बावीस तारीख वाटू शकते. वर्ष नेहमी चार आकड्यांत लिहावं.

ज्यांच्याकडे कागद सापडत नाहीत त्यांच्यासाठी आणखी एक जागा आहे. भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल तर यूएएन क्रमांकाने लॉगिन करून `View` मधल्या `Service History` मध्ये प्रत्येक कंपनीत रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख दिसते. मोठ्या कंपन्या नेमणुकीआधी पडताळणी करतात तेव्हा याच नोंदी आणि रिलीव्हिंग लेटर ताडून पाहतात. त्यामुळे रेझ्युमेतली तारीख तिथल्या तारखेशी जुळलेली बरी. भोसरीसारख्या चार-सहा माणसांच्या वर्कशॉपमध्ये पीएफ नसण्याचीच शक्यता जास्त. तिथे पगार बँकेत येत असेल तर पासबुकातली पहिली आणि शेवटची जमा आधाराला घेता येते.

तारखा लागल्यावर उलट क्रम, म्हणजे सगळ्यांत अलीकडचं वर. अलीकडचं ठरवायचं ते काम कधी संपलं यावरून, सुरू कधी झालं यावरून नाही. जे अजून चालू आहे ते सर्वांत वर. दोन कामं एकाच महिन्यात संपली असतील किंवा दोन्ही चालू असतील, तर उशिरा सुरू झालेलं वर घ्यावं. सुरुवातीच्या तारखेने क्रम लावला तर गोंधळ होतो. कुणी २०१५ पासून आजही एका ठिकाणी असेल आणि मध्ये २०१८ साली सहा महिने संध्याकाळी दुसरीकडे शिकवलं असेल, तर ते सहा महिने वर जातात आणि मुख्य नोकरी खाली ढकलली जाते.

नोंदी चारच असतील तर हाताने क्रम लावणं सोपं. वर्डमध्ये परिच्छेदात कर्सर ठेवून `Alt+Shift+↑` दाबलं की तो परिच्छेद वर सरकतो. पंचवीस-तीस नोंदींचा प्राध्यापकाचा किंवा डॉक्टरचा रेझ्युमे असेल तर यंत्राकडून क्रम लावून घ्यावासा वाटतो, आणि तिथे दोन धोके आहेत. एक म्हणजे वर्डचा `Sort` प्रत्येक परिच्छेद सुटा धरतो. त्यामुळे हुद्दा एकीकडे आणि त्याखालचं कामाचं वर्णन दुसरीकडे जाऊन पडतं. दुसरं म्हणजे इंग्रजी महिन्यांचा क्रम तो अक्षरांवरून लावू शकतो, मग एप्रिल जानेवारीच्या आधी येतो. यावर उपाय असा: तात्पुरता तक्ता करून प्रत्येक नोंद तिच्या वर्णनासकट एका ओळीत ठेवावी आणि शेजारच्या रकान्यात वर्ष आधी, महिना नंतर अशी खूण लिहावी. आपल्या मुलाची कामं अशी दिसतील:

```
9999-12  चाकण
2022-06  भोसरी
2020-03  रांजणगाव
2017-07  शिरवळ
```

चालू नोकरीला `9999-12` दिलं की ती कायम वर राहते. उतरत्या क्रमाने लावून झालं की खुणेचा रकाना पुसून टाकायचा.

एवढं झाल्यावर भोकं दिसतात. रांजणगावचं काम मार्च २०२० मध्ये संपलं, भोसरीचं जून २०२१ मध्ये सुरू झालं. मधले चौदा महिने रिकामे आहेत. अनेक जण इथे महिने उडवून फक्त वर्षं लिहायला सांगतात: २०१७–२०२०, २०२१–२०२२. मला हा सल्ला पटत नाही. मुलाखतीत महिना विचारतातच, आणि पडताळणीत तो कळतोच. मार्च २०२० च्या अखेरीस टाळेबंदी लागली आणि कितीतरी माणसांची कामं गेली, हे समोर बसलेल्यालाही माहीत आहे. महिने तसेच ठेवावेत. त्या काळात काही शिकलं असेल, घरच्या व्यवसायात हात लावला असेल, तर ती खरीखुरी नोंद घालावी. नसेल तर जागा मोकळी ठेवून विचारतील तेव्हा सरळ सांगावं.

विभागांचं काम आता पटकन होतं. अनुभव, शिक्षण, प्रमाणपत्रं, कौशल्यं, आणि प्रत्येक विभागात तोच उलट क्रम: डिप्लोमा वर, दहावी खाली. शिरवळचं प्रशिक्षण अनुभवाच्या तळाशी घ्यावं, कारण ते कारखान्यातलं काम होतं. नुकत्याच बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याने शिक्षण अनुभवाच्या वर घेतलं तरी चालतं. एका जागी "६८%" आणि दुसऱ्या जागी "७४ टक्के" अशी सरमिसळ काढून टाकावी. तारखांची पद्धतही सगळीकडे एकच हवी: "जुलै २०२२ – सध्या", "ऑगस्ट २०१७ – मार्च २०२०".

मग येतो तारखा उजवीकडे एका रेषेत आणण्याचा प्रश्न. जवळजवळ सगळे जण स्पेसबार दाबत दाबत तारीख उजवीकडे ढकलतात. पडद्यावर ती जवळपास सरळ दिसते, पण कधीच पूर्ण सरळ होत नाही. नेहमीच्या फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी असते, म्हणून दोन ओळींत सारख्याच स्पेस दिल्या तरी तारखा वेगवेगळ्या ठिकाणी संपतात. फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली आणि तिथे तो फॉन्ट नसला, की उरलंसुरलंही विस्कटतं.

वर्डमध्ये यासाठी उजवा टॅब स्टॉप आहे. आधी `¶` हे चिन्ह दाबून लपलेल्या खुणा दाखवायच्या. स्पेस तिथे ठिपक्यांसारख्या दिसतात आणि टॅब बाणासारखा. ठिपक्यांच्या रांगा पुसून हुद्दा आणि तारीख यांच्यामध्ये एकच टॅब ठेवायचा. मग त्या ओळी निवडून `Paragraph` खिडकीतल्या `Tabs` मध्ये जागा आणि दिशा सांगायची. ए-फोर कागद २१ सेंटिमीटर रुंद असतो. दोन्ही बाजूंचा समास २.५४ असेल तर मजकुराला १५.९२ सेंटिमीटर उरतात. म्हणून `Tab stop position` मध्ये `15.92 cm` आणि `Alignment` मध्ये `Right` निवडून `Set` करायचं. आता तारीख कितीही लांब असली तरी तिचं शेवटचं अक्षर उजव्या समासालाच टेकतं. हा टॅब प्रत्येक ओळीला वेगळा लावण्यापेक्षा नोंदीच्या पहिल्या ओळीची एक स्टाइल बनवून त्यात घालावा, म्हणजे पुढची नोकरी लागल्यावर नवी ओळही तशीच बसते. जमलं की नाही हे तपासायला सगळा मजकूर निवडून फॉन्ट बदलून पाहावा. तारखा जागच्या हलल्या नाहीत तर काम पक्कं. मोबाइलवरच रेझ्युमे करत असाल तर या खटपटीत न पडता तारीख हुद्द्याखाली स्वतंत्र ओळीत डावीकडे लिहावी, तीही नीटनेटकी दिसते.

अदृश्य रेघांचा दोन रकान्यांचा तक्ता किंवा टेक्स्ट बॉक्स वापरूनही तारखा एका रेषेत येतात, आणि छापील प्रतीत तो फरक कुणाला कळणार नाही. पण अनेक कंपन्या अर्ज आधी संगणकाकडून वाचून घेतात, आणि अशा रचनेत काही प्रणाली सगळे हुद्दे एकदम आणि सगळ्या तारखा एकदम वाचतात, किंवा टेक्स्ट बॉक्समधला मजकूर सोडूनच देतात. पाठवण्याआधी पीडीएफ उघडून सगळा मजकूर निवडावा, कॉपी करावा आणि रिकाम्या नोटपॅडमध्ये चिकटवावा. "क्वालिटी इन्स्पेक्टर, चाकण" याच्या लगेच पुढे "जुलै २०२२ – सध्या" आलं आणि त्याखाली त्याच कामाचं वर्णन आलं, तर फाइल पाठवायला हरकत नाही. तारखा शेवटी एकगठ्ठा येऊन पडल्या, तर तक्ता काढून टॅब लावायचा आणि पीडीएफ पुन्हा बनवायची.